तळमजल्यावरचे काका आणि लिफ्टचे सव्वानऊ लाख

आमच्या इमारतीची लिफ्ट 28 वर्षांची आहे. तळमजला आणि वर सहा मजले, दर मजल्यावर चार घरं, म्हणजे सभासदही 28च. लिफ्टच्या खर्चाचा विषय समितीपुढे याआधी दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा ‘पुढच्या मीटिंगला बघू’ म्हणून मागे पडला होता. तिसऱ्या वेळी तो माझ्या गळ्यात पडला. जुनी इतिवृत्तं काढून वाचली, तेव्हा गोम कळली. दोन्ही वेळा समितीसमोर एकच कागद ठेवलेला होता, तो म्हणजे कंपनीचं कोटेशन. त्यावर रक्कम होती, पण कुणाच्याही शंकेचं उत्तर नव्हतं.

म्हणून मी आधी आक्षेप गोळा केले. समितीतल्या प्रत्येकाकडे संध्याकाळी जाऊन बसलो आणि एकच विचारलं, “हा ठराव आला तर तुम्ही कशावरून अडवाल?” नुसतं ‘तुमचं मत काय’ विचारलं तर लोक चहा पिऊन ‘चांगलं आहे, करा’ म्हणतात आणि सभेत तोंड उघडतात. अडवण्याची मुभा आधीच दिली, की खरं बाहेर येतं.

पहिला आक्षेप अपेक्षेप्रमाणे तळमजल्यावरच्या काकांचा. “मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, मी का भरू?” याचं नियमातलं उत्तर सरळ आहे. आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टच्या देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा असतो, कुणी लिफ्ट वापरो न वापरो. पण नियम तोंडावर फेकला, तर काका पैसे भरतील आणि पुढची पाच वर्षं प्रत्येक ठरावाला विरोध करतील. मी खजिनदारांकडून जुन्या नोंदी घेतल्या. काकांच्या खिडकीखालचं ड्रेनेजचं चेंबर दोनदा तुंबलं, तेव्हा नवी पाइपलाइन सगळ्यांच्या पैशातून झाली होती. सहाव्या मजल्यावरच्यांनीही त्यात वाटा दिला होता. ती नोंद मी सभेच्या आधी, घरी जाऊन दाखवली. चारचौघांत दाखवली असती, तर तो हिशेब राहिला नसता, टोमणा झाला असता.

दुसरा आक्षेप हल्ली प्रत्येक जुन्या सोसायटीत असतो: “आता रीडेव्हलपमेंट येणार, मग पैसे पाण्यात कशाला घालायचे?” यावर वाद घालू नये, फक्त विचारावं की आपण कुठल्या पायरीवर आहोत. 4 जुलै 2019च्या शासन निर्णयाने त्याची कार्यपद्धती ठरलेली आहे. विशेष सर्वसाधारण सभा, प्रकल्प सल्लागाराची नेमणूक, त्याचा अहवाल, निविदा, सभासदांची संमती, विकासकाशी करारनामा. मी ही पायऱ्यांची ओळ कागदावर मांडली आणि आम्ही जिथे होतो तिथे खूण केली. खूण पहिल्या पायरीच्याही अलीकडे आली. तरीही त्यांच्या भीतीत तथ्य होतंच, म्हणून प्रस्तावात एक अट घातली: कार्यादेश देण्याआधी प्रकल्प सल्लागार नेमला गेला, तर हे काम थांबेल आणि फक्त दोर आणि ब्रेक बदलले जातील. आक्षेप घेणाऱ्याला थांबण्याची जागा दिसली, की त्याचा जोर ओसरतो.

तिसरा आक्षेप पैशांचा होता, आणि तो दोन्ही बाजूंनी आला. एक जण म्हणाले, एवढे कशाला, आमच्या ओळखीचा माणूस निम्म्यात करतो. दुसरे म्हणाले, करायचंच तर पूर्ण नवी बसवा. इथे लिफ्टच्या पोटात शिरावं लागतं. लिफ्ट ज्या लोखंडी रुळांवरून चालते ते रूळ आणि तोलाचं वजन सहसा चांगलं टिकतं. झिजतात ते मोटर, दोर, दरवाजे आणि कंट्रोलर, म्हणजे लिफ्टचा मेंदू. आमचे रूळ सुस्थितीत असल्याचं तपासणीत दिसलं, म्हणून ते ठेवून बाकीचं बदलायचा मधला मार्ग मी मांडला. ‘ओळखीच्या माणसा’ला नकार दिला नाही. कामाची यादी एका पानावर लिहिली आणि तीच यादी चौघांना दिली. प्रत्येकाने आपल्या मनाने कोटेशन दिलं, तर एकात दरवाजे असतात, दुसऱ्यात नसतात, आणि समिती नुसत्या खालच्या आकड्यांची तुलना करत बसते. ओळखीच्या माणसाच्या निम्म्या दरात दरवाजे नव्हते आणि जीएसटीही नव्हता. त्याच यादीवर त्याने पुन्हा दर दिला, तेव्हा फरक फारच थोडा उरला.

यादीत एक ओळ मी हट्टाने घातली होती. काही कंपन्यांचा कंट्रोलर फक्त त्यांच्याच तंत्रज्ञाला, त्यांच्याच उपकरणाने उघडता येतो. मग वार्षिक देखभालीचा दर ते वाढवतील तेवढा मुकाट्याने द्यावा लागतो. म्हणून कुठल्याही कंपनीला दुरुस्त करता येईल असाच कंट्रोलर हवा, असं लिहिलं. ‘वॉरंटी संपल्यावर काय’ या प्रश्नाचं उत्तर खरेदीच्या वेळीच द्यावं लागतं.

आकडे असे झाले. काम 7,00,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,26,000. भिंतींची फोडजोड आणि वायरिंग 54,000. एकूण 8,80,000. त्यावर अडीअडचणीसाठी पाच टक्के, 44,000. बेरीज 9,24,000, म्हणजे घरटी 33,000. ही पाच टक्क्यांची ओळ लपवू नये. लपवली तर काम चालू असताना पुन्हा हात पसरावा लागतो, आणि तेव्हा कुणी विश्वास ठेवत नाही. यातले घरटी 11,000 दुरुस्ती निधीतून आणि उरलेले 22,000 दोन हप्त्यांत, असं सुचवलं. सिंकिंग फंडाला हात लावूया असं आमच्याच बाजूच्या एका उत्साही सभासदाने म्हटलं, त्याला मीच अडवलं. तो निधी पुनर्बांधणी, रचनेतली मोठी भर किंवा मोठ्या दुरुस्त्यांसाठी असतो, त्यालाही वास्तुविशारदाचा दाखला आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. तिथे विरोधकांना आयता मुद्दा मिळाला असता.

याच्या शेजारी ‘काहीच केलं नाही तर’ असा रकाना होता. देखभालीच्या कराराव्यतिरिक्त गेल्या तीन वर्षांत दुरुस्तीला गेलेले पैसे: 61,000, मग 88,000, मग 1,21,000. वॉचमनच्या वहीतून मोजलेले लिफ्ट बंद असलेले दिवस: गेल्या वर्षी 41. ही वही कुणी आजवर वाचलीच नव्हती.

कागदाच्या शेवटी नेमकी मागणी लिहिली. एवढा खर्च समिती स्वतःच्या अधिकारात मंजूर करू शकत नाही, म्हणून मी मंजुरी मागितली नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे शिफारस करावी, एवढंच मागितलं. ती सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि तिची सूचना 14 पूर्ण दिवस आधी जावी लागते. म्हणून मी जुलैतच समितीपुढे गेलो. ऑगस्ट संपत आल्यावर जाणाऱ्याचा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ यात ढकलला जातो आणि तिथेच विरतो.

सभेत सगळे आक्षेप आले, त्याच क्रमाने, जवळजवळ त्याच शब्दांत. उत्तरं कागदावर होती. काका गप्प होते. मग चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “काम किती दिवस चालणार?” मी म्हणालो, साधारण 35 दिवस. “मग ह्यांना डायलिसिसला आठवड्यातून तीनदा खाली कसं न्यायचं?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. समितीतल्या प्रत्येकाच्या घरी बसून मी आक्षेप ऐकले होते, पण काकू समितीत नव्हत्या, म्हणून त्यांच्या घरी गेलोच नव्हतो. काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. मी वहीत लिहून घेतलं आणि गुरुवारपर्यंत सांगतो म्हणालो. गुरुवारी सांगितलं: रुग्णाला जिन्यावरून नेण्याची खुर्ची भाड्याने आणायची, ठरलेल्या दिवशी दोन मदतनीस, आणि हा खर्च त्या 44,000मधून. काकूंनी वेळा लिहून दिल्या. शिफारशीच्या ठरावाला अनुमोदन तळमजल्यावरच्या काकांनी दिलं.