शास्त्रज्ञांचा परिच्छेद, आपल्या पत्रकात चार ओळी



पावसाळा आला की सभासदांचा एकच प्रश्न असतो: "सेक्रेटरी साहेब, काल संध्याकाळपर्यंत मासे ठणठणीत होते, सकाळी पाहतो तर वर येऊन तोंड वासताहेत. कुणी औषध टाकलं का?" बहुतेक वेळा औषध वगैरे कुणी टाकलेलं नसतं. उत्तर शास्त्राच्या लेखात असतं, फक्त ते आपल्या भाषेत नसतं. लालबागच्या आपल्या मंडळींचा घरी मराठी, मंडीत हिंदी असा कारभार. त्यात ही तिसरीच भाषा. म्हणून पत्रकासाठी ती कशी सोपी करायची, ते एका नमुन्यावर दाखवतो. हा परिच्छेद कुठल्या एका पेपरचा नाही. धाटणी कळावी म्हणून मीच बांधला आहे, आकडेही नमुन्याचेच:

"सुपोषित जलाशयातील विरघळलेल्या प्राणवायूच्या दैनंदिन चढ-उताराचे मापन करण्यात आले. पहाटेची पातळी (2 मि.ग्रॅ. प्रति लिटर) दुपारच्या पातळीपेक्षा (9 मि.ग्रॅ.) सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीयरीत्या कमी आढळली (p < 0.05). शैवाल घनतेशी सहसंबंध दिसून आला. मेघाच्छादित दिवसांनंतर घट अधिक तीव्र असू शकते."

पहिला अडथळा "लक्षणीय". आपण वाचतो "खूप". पण इथे त्याचा अर्थ एवढाच की खरा फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता कमी होती. फरक मोठा की छोटा, ते हा शब्द सांगतच नाही, ते आकडे सांगतात. म्हणून सोप्या मजकुरात "लक्षणीय" गाळायचा आणि दुपारी 9, पहाटे 2 हे आकडे ठेवायचे. रोहू-कतलाला साधारण 5 च्या वर बरं असतं, हेही सोबत लिहायचं. नाहीतर 2 वाचून कुणाच्या पोटात काहीच हलणार नाही.

दुसरा "सहसंबंध". दोन गोष्टी सोबत दिसल्या, एवढंच तो म्हणतो. एकीमुळे दुसरी झाली असं तो एकटा सिद्ध करत नाही. इथे कारण मात्र आधीपासून माहीत आहे: शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं आणि रात्री माशांसारखंच स्वतः श्वास घेतं. रात्रभर खर्च, जमा शून्य. म्हणून सूर्य उगवायच्या जरा आधी तिजोरी सगळ्यात रिकामी. ढगाळ दिवशी जमा आधीच कमी, त्यामुळे दुसरी पहाट आणखी वाईट. पेपरातला "असू शकते" पुसून "होतेच" लिहायचं नाही. दर ढगाळ दिवसानंतर मासे मरत नाहीत, आणि तसं छापलं तर दोन खोट्या इशाऱ्यांनंतर पत्रक कुणी वाचणार नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात धोक्याची वाटते. घाईत कुणी लिहितो, "हिरवं पाणी मासे मारतं." झालं, सभासद शेवाळ मारायचं औषध आणतो. फिकट हिरवं पाणी तर माशांच्या खाण्याचा पाया आहे. त्रास गडद हिरव्याचा. आणि सगळं शेवाळ एकदम मेलं की ते सडतानाही प्राणवायूच खातं. फरक ओळखायला हात पाण्यात सरळ बुडवा. कोपर बुडायच्या आधीच तळवा दिसेनासा झाला, तर पाणी जास्त गडद.

मोजमाप कुठल्या पाण्यात झालं, तेही लिहायला हवं. यशवंत सागरसारख्या मोठ्या पाण्यावर वारा लागतो, लाटा हवा मिसळतात. आडोशाच्या छोट्या तळ्याला ती सोय नाही, म्हणून हा इशारा जास्त करून तळेवाल्यांसाठी.

आता पत्रकातला मजकूर:

"पाणी गडद हिरवं आणि दिवसभर ढग असतील, तर त्या रात्री सावध. पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंड वासताना दिसले तर खाद्य आणि शेणखत त्या दिवशी बंद. पंप लावून पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा, ऊन चढेपर्यंत. बोअरचं पाणीही असंच पाडा, त्यात मुळात प्राणवायू कमी असतो."

बघा, परिच्छेद मापनाने सुरू होतो, आपला मजकूर माणूस काठावर उभा राहून काय बघतो तिथून.

छापण्याआधी मी हे एखाद्या तळेवाल्याला वाचून दाखवतो आणि विचारतो, भाऊ, आता तू काय करशील? "समजलं" या उत्तरावर थांबायचं नाही. त्याने विचारलं, "पण पंप लावू कधी, मासे वर आल्यावरच का?" तर आपली एक ओळ राहिली आहे. ती अशी: "गडद पाणी आणि ढगाळ दिवस असेल तर मासे वर यायची वाट न बघता मध्यरात्रीनंतरच पंप सुरू करा."