चेतासंधी आणि सर्पगंधा
दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये मिलिमीटरच्या सुमारे ५०,००० व्या भागाएवढी फट असते. विद्युत-संदेश अलीकडच्या टोकाशी पोहोचला की तेथे कॅल्शियम आत शिरते, रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पुटिका पेशीपटलाला मिळून उघडतात आणि ते रसायन पलीकडच्या ग्राहींना जाऊन भिडते. मग त्यातील बरेचसे परत शोषले जाऊन पुटिकांत भरले जाते.

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. तिच्यातील रेसर्पिन ही भरणीच रोखते. पुटिकांबाहेर राहिलेले नॉरॲड्रेनॅलिन पेशीतच नष्ट होते. संदेश येतो, पण पलीकडे धाडण्यास फारसे काही उरत नाही. रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब उतरतो. मेंदूतील डोपामीनही तसेच आटते. म्हणूनच मात्रा वाढल्यास कंपवातासारखा ताठरपणा येऊ शकतो.