पुसट तक्त्यातल्या चार चौकटी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मालवणच्या किनाऱ्यावर किती मासळी खारवली जायची, हे शोधायचं तर मासळीच्या नोंदी पाहून भागत नाही, मिठाच्या पाहाव्या लागतात. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला अडीच रुपयांवर गेला. एवढं महाग मीठ लावून बांगडा खारवणं कोणालाच परवडणारं नव्हतं. म्हणून मीठ खात्याने किनाऱ्यावर मासळी खारवण्याची कुंपण घातलेली आवारं ठेवली होती. मासळी आवारात आणायची, करमाफीचं मीठ तिथेच घ्यायचं आणि तिथेच लावायचं, असा नियम. मीठ बाहेर जाऊ नये म्हणून कारकून मणामणाचा हिशोब लिहायचा. हे हिशोब आज संशोधकांना किनाऱ्यावरच्या मासेमारीचा अंदाज देतात.

आमच्या भागातली एक विद्यार्थिनी याच विषयावर प्रबंध लिहिते आहे. मुंबईतल्या एका अभिलेखागारातून तिला अशाच एका हस्तलिखित तक्त्याची प्रत मिळाली. तक्ता उत्तरेकडून दक्षिणेकडे लावलेला, देवगड, मालवण, वेंगुर्ले असा. वरच्या बाजूला महिने, उजवीकडे आडव्या ओळीची बेरीज आणि तळाशी उभ्या रकान्याची. मधोमध मात्र पाणी उतरल्याचा डाग होता आणि तिथले आकडे गेले होते. प्रत काळी-पांढरी होती, त्यामुळे करड्या छटा शिल्लकच नव्हत्या. तिने पत्राचा मसुदा मला दाखवायला आणला. त्यात एकच मागणी होती : ‘तक्ता अस्पष्ट आहे, कृपया स्पष्ट प्रत मिळावी.’

अशा पत्राला बहुधा तीच प्रत पुन्हा येते. पत्र हाताळणाऱ्या माणसासमोर दिवसाला कितीतरी मागण्या असतात. कुठलं पान, त्यातला कुठला भाग आणि काय दिसत नाही, हे पत्रात नसेल तर तो आहे ती प्रत पुन्हा काढून देणार. म्हणून मी तिला म्हटलं, पत्र बाजूला ठेव, आधी तक्ता वाचू.

पहिली शंका जुलैच्या चौकटीची होती. मालवणच्या ओळीत तिथे तीन अंकी आकडा दिसत होता. तिच्या आजोबांचं घर मालवणातच, दांडीच्या किनाऱ्यावर. त्यांना विचारल्यावर ते लगेच म्हणाले, “जुलयात बांगडो खंयचो गो? होडयो वर काढलेल्यो असतत.” नारळी पौर्णिमा होईपर्यंत समुद्रात होडी जात नाही, तर एवढं मीठ लागेल कशाला? खाडीतली थोडी मासळी धरली तरी तो आकडा फार मोठा होता. मग आम्ही प्रत आरशासमोर धरली. आकडा आरशात सरळ वाचता आला. म्हणजे तो पानाच्या मागच्या बाजूचा होता, शाई कागदातून इकडे उतरली होती. पुढच्या बाजूला जुलैत फक्त एक आडवी रेघ होती.

आता डागाकडे वळलो. खरे आकडे तिच्या प्रबंधात येतीलच. इथे रीत कळावी म्हणून मी सोपे, कल्पित आकडे घेतो. ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांत दिलेलं मीठ, मणांत :

देवगड : ७०, ९५, ८८, ४१, एकूण २९४
मालवण : २१२, —, —, ९०, एकूण ६४४
वेंगुर्ले : १५०, —, —, ६३, एकूण ४५१
तळाची बेरीज : नोव्हेंबर ३९४, डिसेंबर ३६९

एकच चौकट पुसली असती तर काम सोपं होतं. ओळीच्या बेरजेतून उरलेले आकडे वजा केले की पुसलेला आकडा मिळतो आणि उभ्या रकान्याच्या बेरजेने तो ताडून पाहता येतो. इथे मात्र डाग दोन ओळींवर आणि दोन रकान्यांवर पसरला होता. मालवणच्या दोन पुसट आकड्यांची बेरीज ३४२ आणि वेंगुर्ल्याच्या दोघांची २३८, एवढं निघतं. नोव्हेंबरमधल्या दोघांची २९९ आणि डिसेंबरमधल्या दोघांची २८१, हेही निघतं. चार चौकटी आणि चार बेरजा, तेव्हा उत्तर मिळायला हवं, असं वाटतं.

ते मिळत नाही. मालवणला १७८ आणि १६४, वेंगुर्ल्याला १२१ आणि ११७ धरा. सगळ्या बेरजा जुळतात. आता मालवणला १४८ आणि १९४, वेंगुर्ल्याला १५१ आणि ८७ धरा. पुन्हा सगळ्या जुळतात. एका कोपऱ्यातले ३० मण शेजारी सरकवले आणि खालच्या ओळीत उलट बाजूला सरकवले, तर कुठल्याच बेरजेला धक्का लागत नाही. चौथी बेरीज पहिल्या तिघींतून आपोआपच निघते, ती नवीन काही सांगत नाही. त्यामुळे चार कोपरे असे एकदम गेले की गणित थांबतं.

पण याच गणितात तिच्या पत्राची खरी मागणी दडलेली होती. चारपैकी कुठलीही एक चौकट कागदावर वाचता आली की उरलेल्या तिन्ही बेरजेतून निघतात. सगळा तक्ता नव्याने मागायची गरजच नव्हती. डागाच्या कडेला जिथे शाई थोडी तरी शिल्लक असेल, तिथला एक आकडा पुरणार होता.

तो आकडा मूळ कागदावर असण्याची शक्यता का होती, हे शाईवरून कळतं. त्या काळी कचेरीत वापरली जाणारी शाई बहुधा मायफळ आणि हिराकस यांची असे. ती आधी काळी दिसते आणि वर्षं जातात तशी तपकिरी होते. पाणी लागलं की काही शाई वाहून जाते, पण तपकिरी छटा बऱ्याचदा मागे राहते. डोळ्यांना ती दिसते. काळ्या-पांढऱ्या प्रतीत मात्र प्रत्येक ठिपका एकतर काळा असतो नाहीतर पांढरा, आणि फिकट तपकिरी बहुतेक वेळा पांढऱ्यात जाते. त्यातही टाकाची वर जाणारी रेघ बारीक असते, ती आधी नाहीशी होते. म्हणून ७ चा १ दिसतो, ८ चा ३ आणि ६ चा ०. जुन्या सूक्ष्मपटावरून काढलेल्या प्रतीत हा दोष आणखी वाढतो, कारण अशा फिल्मवर गडद आणखी गडद होतं आणि फिकट उडून जातं. तेव्हा प्रत कशावरून काढली, हा प्रश्न पत्रात असायलाच हवा होता. फिल्मवरून काढलेली प्रत कितीही वेळा काढली तरी फिल्मवर जे नाही ते तीत येणार नाही.

मग तिने पत्र नव्याने लिहिलं. त्यातला मुख्य भाग असा :

‘महोदय, महसूल विभागाच्या सोबत नमूद केलेल्या वर्षातील खंड, कंपाइलेशन व पान क्रमांकाच्या तक्त्याची प्रत मला मिळाली, त्याबद्दल आभारी आहे. तक्ता पानाच्या पुढच्या बाजूस आहे. मालवण व वेंगुर्ले या ओळींतील नोव्हेंबर व डिसेंबरच्या चार चौकटी डागामुळे वाचता येत नाहीत. मिळालेल्या प्रतीवर त्या लाल पेन्सिलने दाखवल्या आहेत. चारपैकी कोणतीही एक वाचता आली तरी माझे काम होईल. कृपया ही प्रत मूळ कागदावरून घेतली की सूक्ष्मपटावरून, हे कळवावे. मूळ कागद हाताळण्याजोगा असल्यास फक्त डागाच्या भागाचे ६०० डीपीआयचे रंगीत छायाचित्र, टिफ स्वरूपात, मोजपट्टीसह मिळावे. तक्त्याचे शीर्षक व तळटीप असलेला भागही छायाचित्रात यावा. कागद नाजूक असल्यास तो उलगडू नये. त्या स्थितीत मी स्वतः येऊन आपल्या देखरेखीखाली पाहीन. नियमाप्रमाणे शुल्क भरण्यास तयार आहे.’

पत्रात जुनी नावं होती तशीच ठेवली. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, त्याआधीच्या कागदांत मालवण रत्नागिरी जिल्ह्यात सापडतं. शीर्षकाचा आग्रह मापासाठी होता. सरकारी मण सुमारे ८२ पौंडांचा आणि मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा. शीर्षकात कुठला मण ते नसेल, तर बिनचूक वाचलेला आकडाही जवळजवळ तिपटीने चुकू शकतो. कागद न उलगडण्याची ओळही तिने विचार करून घातली. मोठे तक्ते घडी घालून खंडात बांधलेले असतात आणि घडीवरच ते आधी फाटतात. एका आकड्यासाठी घडी तुटली तर पुढच्या वाचकाचं सगळं पान जातं.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. पहिली प्रत सूक्ष्मपटावरची होती. मूळ खंड चांगल्या स्थितीत होता आणि डागाचं रंगीत छायाचित्र सोबत होतं. संगणकावर तिने त्याचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर वेगळे केले. तपकिरी शाई निळा प्रकाश शोषते, म्हणून निळ्या थरात ती सर्वांत गडद दिसते. अर्थात कागद स्वतःच फार पिवळा पडला असेल तर हा फायदा उरत नाही, कारण पिवळा कागदही निळा प्रकाश शोषतो. अशा वेळी अतिनील प्रकाशातलं छायाचित्र मागावं लागतं. त्यात कागद उजळतो आणि शाई काळी राहते. अवरक्त प्रकाशाचा इथे उपयोग नाही, त्यात ही शाई उलट दिसेनाशी होते.

निळ्या थरात वेंगुर्ल्याची नोव्हेंबरची चौकट वाचता आली. आपल्या उदाहरणात तो १२१ धरू. मधला अंक २, त्याचा खालचा फराटा डागाबाहेर आला होता, त्यामुळे ५ ची शंका राहिली नाही. तिथून मालवणचा १७८, मग १६४ आणि वेंगुर्ल्याचा ११७ हे वजाबाकीने आले. पण तिथे थांबून चालणार नव्हतं. वाचलेला आकडा चुकला असता तर तिन्ही निघालेले आकडे चुकले असते आणि बेरजा तरीही जुळल्या असत्या. म्हणून तिने दुसरा पुरावा शोधला. वेंगुर्ल्याच्या डिसेंबरच्या चौकटीत शतकाच्या जागी एक उभी रेघ अंधुक दिसत होती. तिथे ८७ असता तर ती जागा मोकळी राहिली असती. ११७ ला ती रेघ हवीच होती.

प्रबंधात तिने या चौकटी वेगळ्या दाखवल्या आहेत. कागदावर वाचलेला आकडा साधा, बेरजेतून काढलेले तीन चौकोनी कंसात आणि खाली टीप : मूळ कारकुनाची बेरीज बरोबर आहे असं धरून. ही टीप लागतेच, कारण तो कारकूनही बेरजेत चुकू शकत होता. तक्त्यातल्या धड राहिलेल्या ओळी तिने पुन्हा बेरीज करून तपासल्या. त्या सगळ्या जुळल्या, म्हणून त्याच्या बेरजांवर विसंबायला आधार मिळाला. एखाद्या ओळीत तफावत निघाली असती, तर कंसातले आकडे काढून तिथे ‘वाचता येत नाही’ असं लिहावं लागलं असतं, आणि मालवणचा त्या दोन महिन्यांचा हिशोब एकत्रच द्यावा लागला असता.