गुडघा आधी सांगतो

तालुक्याच्या एका उपजिल्हा रुग्णालयातली लेबर रूम. संध्याकाळचे साडेसहा. एकवीस वर्षांची, पहिलटकरीण, सदतिसावा आठवडा लागलेली एक बाई सासूसोबत आली आहे. कळा नाहीत, पाणी गेलेलं नाही. तक्रार एवढीच, की सकाळपासून डोकं ठणकतंय आणि मधूनच डोळ्यांसमोर काजवे चमकतात. सासू म्हणते, "ऊन लागलं असंल. पायही सुजलेत, पण ते या दिवसांत सुजतातच." ही बाई काल्पनिक आहे, पण तिच्यासारख्या बायका अशा लेबर रूममध्ये नेहमी येतात. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला प्रसूतिशास्त्राच्या असाइनमेंटसाठी 'केस' लिहून आणायला सांगतात, तीही बऱ्याचदा अशीच असते.

पायांबद्दल सासू फारशी चुकलेली नाही. गरोदरपणात पाय सुजणं इतकं सर्रास आहे, की प्रीएक्लॅम्पसियाचं निदान आता सुजेवर करत नाहीत. निदान दोन गोष्टींवर उभं राहतं. पहिली म्हणजे विसाव्या आठवड्यानंतर नव्याने वाढलेला, १४०/९० किंवा त्याहून जास्त रक्तदाब. दुसरी म्हणजे लघवीतून जाणारं प्रथिन, किंवा ते नसलं तरी यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट किंवा मेंदू यांपैकी कशावर तरी ताण आल्याची खूण. या आजाराचं मूळ वारेत असतं. वार नीट रुजली नाही, की तिच्यातून आईच्या रक्तात असे घटक उतरतात जे सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतात. म्हणून डोकं, डोळे, यकृत आणि मूत्रपिंड एकाच वेळी कुरकुरू लागतात.

सिस्टर आधी तिला पाच मिनिटं शांत बसवते. पाठीला टेकू, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. पट्टा दंडाला अपुरा पडला तर दाब खोटाच जास्त दिसतो, म्हणून पट्ट्याचं मापही पाहते. आकडा येतो १६८/११२. लघवीत बुडवलेली पट्टी तीन प्लस दाखवते. वरचा दाब १६० किंवा खालचा ११० झाला वा त्याहून पुढे गेला, की आजार गंभीर मानतात. सिस्टर पंधरा मिनिटांनी दाब पुन्हा मोजते, पण डॉक्टरांना बोलावणं त्याआधीच गेलेलं असतं.

मग ती एक प्रश्न विचारते, जो घरी कुणी विचारलेला नसतो. "पोटात वरच्या बाजूला, बरगड्यांखाली दुखतं का?" हे दुखणं बायका ॲसिडिटी म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात ते सुजलेल्या यकृतावरचं आवरण ताणल्याचं असू शकतं. ठणकणारं डोकं, डोळ्यांपुढचे काजवे आणि हे दुखणं यांचा अर्थ झटके जवळ आलेत, असा घेतात. शेवटी सिस्टर रबरी हातोडीने गुडघ्याखाली टकटक करते. पाय जोरात उडतो, नेहमीपेक्षा जास्तच. ही नोंद महत्त्वाची, कारण पुढची सगळी रात्र याच उडीशी तुलना करत काढायची आहे.

दाब उतरवायला डॉक्टर लॅबेटालॉल देतात. झटके रोखण्यासाठी दुसरं औषध लागतं, मॅग्नेशियम सल्फेट. या दोन औषधांची गल्लत पुष्कळदा होते. मॅग्नेशियम दाबावरचं औषध नाही. त्याने दाब उतरेल म्हणून वाट पाहणं चूक, आणि दाब उतरला म्हणून ते बंद करणंही चूक.

मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे इंग्लंडातल्या एप्सम गावच्या झऱ्यांमुळे ओळखलं गेलेलं कडू मीठ. गरोदरपणातल्या झटक्यांवर ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात होतं, तरी बराच काळ डायझेपाम आणि फेनिटोइन यांचाही जोर होता. १९९५ साली अनेक देशांत, भारतातही, झालेल्या मोठ्या चाचणीने हा वाद मिटवला. झटका एकदा येऊन गेलेल्या बायकांमध्ये तो पुन्हा येण्याचं प्रमाण मॅग्नेशियमने डायझेपामपेक्षा निम्म्याहून खाली आलं. २००२ साली दहा हजारांहून अधिक बायकांवरच्या 'मॅगपाय' चाचणीत झटका येण्याआधीच हे औषध दिलं, तेव्हा झटक्यांचा धोका ५८ टक्क्यांनी घटला.

आपल्याकडच्या वॉर्डांत ते बहुधा अमेरिकी डॉक्टर जॅक प्रिचर्ड यांच्या पद्धतीने देतात. ५० टक्के द्रावणाच्या दोन मिलिलिटरच्या एका अँप्युलमध्ये एक ग्रॅम औषध असतं. अशी चार अँप्युल, म्हणजे आठ मिलिलिटर, बारा मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळली की वीस मिलिलिटर पातळ द्रावण तयार होतं. ते शिरेतून किमान पाच मिनिटं घेत, सावकाश सोडतात. त्या वेळी बाईला अंग भाजल्यासारखं वाटतं, मळमळतं. हे आधी सांगून ठेवलं तर ती घाबरत नाही. लगोलग दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, स्नायूत खोल. इथे मात्र द्रावण पातळ करायचं नसतं. दुखू नये म्हणून त्यात थोडं लिग्नोकेन घालतात. त्यानंतर दर चार तासांनी एका कुल्ल्यात पाच ग्रॅम. पातळ केलेलं शिरेत, न केलेलं स्नायूत, हा फरक चुकला तर घात होतो. म्हणून अँप्युलवरचं लेबल दोघींनी मोठ्याने वाचायचं, असा शहाणा रिवाज बऱ्याच ठिकाणी आहे.

आपल्या बाईला पहिला डोस सातला मिळाला. औषध देण्याचं काम तेवढ्यावर संपलं, आता ते अंगात किती साठतंय हे पाहायचं काम सुरू झालं. मॅग्नेशियम शरीरातून फक्त मूत्रपिंडावाटे बाहेर जातं, आणि या आजारात दुखावलेलं असतं तेही मूत्रपिंडच. लघवी कमी झाली की औषध आत साठू लागतं. रक्तातली त्याची पातळी तपासता येते, पण रात्री तीन वाजता तालुक्याच्या गावी तो अहवाल हातात येत नाही.

त्याची गरजही बहुतेक वेळा पडत नाही, कारण शरीर स्वतःच क्रमाने इशारे देतं. मज्जातंतूच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरतं, तेव्हा स्नायूला हालण्याचा निरोप जातो. मॅग्नेशियम कॅल्शियमची ती वाट अडवतं. उपयोगाची पातळी लिटरमागे साधारण ४ ते ७ मिलिइक्विव्हॅलंट असते. ती १० च्या आसपास गेली की गुडघ्याची उडी नाहीशी होते. १२ च्या पुढे श्वासाचे स्नायू ढिले पडू लागतात आणि त्याहून खूप वर हृदय थांबतं. गुडघा आधी, श्वास नंतर. या दोहोंमधल्या फटीत सिस्टरला धोका हेरायचा असतो.

म्हणून प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी पाहतात: गुडघा उडतो का, श्वास मिनिटाला सोळा किंवा जास्त आहे का, आणि गेल्या चार तासांत लघवी तासाला तीस मिलिलिटरच्या हिशोबाने झाली का. तिन्ही उत्तरं 'हो' असतील तरच सुई.

अकरा वाजता तपासणी झाली. श्वास अठरा, गुडघा उडाला, युरोबॅगमध्ये चार तासांत १६० मिलिलिटर. डोस दिला.

तीन वाजता बाई पेंगुळलेली होती. आधी लघवी पाहिली तर चार तासांत फक्त सत्तर मिलिलिटर. नळीला पीळ पडला होता का, बाई तिच्यावर झोपली होती का, हे सिस्टरने पाहिलं. नळी मोकळी होती. मग श्वास पूर्ण एक मिनिट मोजला. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं, तर एका श्वासाची चूक चारची होते, आणि इथे चार श्वासांनी निर्णय बदलू शकतो. श्वास सोळा निघाला. हातोडी मारली, पाय हलला नाही. बाई अंग ताठ धरून असली तरीही असं होतं, म्हणून सिस्टरने तिला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगितलं आणि पुन्हा टकटक केलं. पाय तरीही थंडच.

भरलेली सिरिंज ट्रेमध्येच राहिली. डॉक्टरांना फोन गेला, पुढचा डोस थांबला, क्रिएटिनिनसाठी रक्त घेतलं, ऑक्सिजनची मोजणी सुरू झाली. कॅल्शियम ग्लुकोनेटचं दहा मिलिलिटरचं अँप्युल, म्हणजे एक ग्रॅम, उशाशी ठेवलंच होतं. श्वास घसरला असता तर ते शिरेतून हळूहळू द्यायचं. मॅग्नेशियमने अडवलेली वाट कॅल्शियम पुन्हा मोकळी करतं, म्हणून तेच त्यावरचा उतारा. पण श्वास ठीक होता, म्हणून ते वापरलं नाही. तासा-तासाने नव्हे, दर पंधरा मिनिटांनी श्वास आणि गुडघा पाहत राहिले. लघवी कमी म्हणून सलाइन जोरात सोडण्याचा मोह इथे टाळावा लागतो. या आजारात रक्तवाहिन्या पाझरतात आणि जास्तीचं पाणी फुप्फुसांत उतरू शकतं.

पाचला गुडघा थोडा उडाला आणि तासाभरात पंचेचाळीस मिलिलिटर लघवी जमली. क्रिएटिनिन १.४ आलं, म्हणजे मूत्रपिंड मंदावलेलं. डॉक्टरांनी पुढचे डोस निम्म्यावर, अडीच ग्रॅमवर आणले.

याच प्रश्नाला सोलापूरशी जोडलेला एक धागा आहे. प्रिचर्ड यांची मात्रा अमेरिकी बायकांवर ठरली. आपल्याकडे वजनं कमी असतात. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी भारतीय बायकांच्या अंगलटीला साजेशी कमी मात्रेची पद्धत २००३ साली मांडली. तिथून पुढे कमी मात्रेची चर्चा देशात होत राहिली. मात्र मात्रा कोणतीही असो, डोसआधीची तपासणी तीच.

एका परिस्थितीत मात्र गुडघा फसवतो. पाठीत भूल देऊन सिझेरियन झालं असेल, तर पाय भुलेमुळेच हलत नाहीत. तेव्हा कोपराच्या खोबणीत, दंडाच्या पुढच्या स्नायूच्या दोरीवर बोट ठेवून हातोडी मारतात.

आपल्या बाईची प्रसूती सकाळी सव्वाआठला, नैसर्गिकपणे झाली. वार पडल्यावर रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिन दिलं. मेथर्जिन जाणूनबुजून बाजूला ठेवलं, कारण ते दाब एकदम चढवतं. बाळाच्या अंगात जोर कमी आहे का हेही पाहिलं, कारण मॅग्नेशियम वारेतून बाळापर्यंत जातं. बाळ रडलं, दूध ओढू लागलं. घरच्यांना वाटलं, सुटलो.

पण औषध प्रसूतीनंतर चोवीस तास चालू राहिलं, आणि प्रत्येक डोसआधी तीच हातोडी, तेच घड्याळ, तीच युरोबॅग. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात आणि दाब अनेकदा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढतो. तोवर कित्येक बायका घरी गेलेल्या असतात. म्हणून सुट्टीच्या दिवशी सिस्टरने कागद सासूच्या हाती दिला आणि बजावलं, "आत्या, घरी गेल्यावर डोकं दुखलं, डोळ्यांपुढं चमकलं किंवा छातीखाली दुखलं, तर गोळी देऊन झोपवू नका. १०८ ला फोन करा. आणि परवा आशाताईला सांगून उपकेंद्रात बीपी मोजून घ्या."

सासूने कागद घडी करून कनवटीला लावला आणि विचारलं, "पायाची सूज मग कधी उतरायची?"

"ती उतरंल हळूहळू," सिस्टर म्हणाली. "तुम्ही डोक्याकडं लक्ष ठेवा."