निबंधाचा रविवार

यूपीएससी मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर २५० गुणांचा असतो. दोन विभागांत चार-चार विषय, प्रत्येकातून एक निवडायचा, आणि तीन तासांत हजार ते बाराशे शब्दांचे दोन निबंध लिहायचे. तो मराठीतही लिहिता येतो. आमच्या अभ्यासगटातल्या मुलामुलींसाठी आम्ही आठवड्याला एक निबंध ठरवला आहे.

जुन्या प्रश्नपत्रिकांतले विषय चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात ठेवले. दहा वर्षांचे ऐंशी होतात. रविवारी फजरनंतर चार चिठ्ठ्या उचलायच्या, एक विषय घ्यायचा आणि घड्याळ लावून नव्वद मिनिटांत निबंध संपवायचा. त्यातली पहिली पंधरा-वीस मिनिटे फक्त आराखड्याची. शब्द मोजत बसायची गरज नसते. आपल्या अक्षरात एका ओळीत आठ शब्द आणि पानावर सोळा ओळी बसत असतील, तर नऊ पाने म्हणजे साधारण साडेअकराशे शब्द.

मागे एका मुलीला २०२३ सालचा विषय मिळाला. मुलींवर बंधनांचे ओझे, मुलांवर अपेक्षांचे, आणि या दोन्ही शिस्ती सारख्याच घातक, असा त्याचा आशय. तिने ११४० शब्द लिहिले, भाषाही छान. पण मुलींवर ७२० शब्द, मुलांवर २६०, उरलेले सुरुवात-शेवटाचे. तपासणारे गुरुजी निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी शुद्धलेखनाला हात न लावता समासात एकच शब्द लिहिला : ‘सारख्याच?’

सगळा वाद त्याच शब्दात होता आणि तिने त्याला शेवटच्या ओळीत उरकले होते. विषयातले विधान मान्य आहे की नाही, हे वाचणाऱ्याला कळतच नव्हते. आमच्या मते अशी चूक भाषेच्या चुकीपेक्षा महाग पडते, कारण आठ पाने वाचूनही उत्तर हाती लागत नाही.

गुरुजींनी पूर्ण निबंध पुन्हा लिहायला सांगितला नाही. बुधवारपर्यंत नवा आराखडा आणि एक परिच्छेद, एवढेच. (सगळ्या चुका एकदम लाल केल्या की मूल वही उघडत नाही, हे पालकांनीही लक्षात घ्यावे.) तिने लिहिले : कॉलेज लांब म्हणून दहावीनंतर घरी बसवलेली बहीण आणि घर चालवायचे म्हणून त्याच वयात गॅरेजवर धाडलेला भाऊ, दोघांचेही शिक्षण सुटले आणि दोघांनाही कुणी विचारले नाही. इथवर नुकसान सारखे. पण भावाच्या हाती चार पैसे येतात, तो बाहेर पडून पुढे दुसरी वाट धरू शकतो. बहिणीला त्यासाठीही परवानगी लागते. म्हणून मूळ एक, पण घातकता सारखी नाही.

या परिच्छेदाखाली गुरुजींचा शेरा होता, ‘हे दुसऱ्या पानावर हवे.’ तिने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले : आधी विषयातला वादाचा शब्द शोध. पुढच्या रविवारची चिठ्ठी जंगल आणि अर्थव्यवस्थेवरची निघाली.