व्हॉल्व्हमधील जाळी

व्हॉल्व्हच्या रेडिओचा आवाज गोड लागतो, असे म्हणणारे रसिक आजही भेटतात. गिटारवादक तर आपल्या विवर्धकात व्हॉल्व्ह मुद्दाम ठेवून घेतात. हा गोडवा कोठून येतो, हे जाणायचे तर त्या काचेच्या नळीत काय घडते ते आधी पाहिले पाहिजे.

हवा काढून टाकलेल्या या नळीच्या मध्यभागी ऋणाग्र असते. ते तापून लाल झाले की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि त्यांचा एक ढग भोवती जमतो. बाहेरच्या धनाग्राला दोन-तीनशे व्होल्टांचा धन दाब दिला की ढगातील इलेक्ट्रॉन तिकडे ओढले जातात. एवढ्याने प्रवाह वाहतो, पण विवर्धन होत नाही. १९०६ साली ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने या दोहोंच्या मध्ये तारेची एक जाळी बसविली. ती नेमके काय करते हे त्याला स्वतःला तेव्हा पुरते उमगले नव्हते, ही गोष्ट वेगळी!

जाळी ऋणाग्राच्या अगदी निकट असते. म्हणून तिच्यावरील एका व्होल्टाचा त्या ढगावर जो परिणाम होतो, तो दूरच्या धनाग्रावरील कित्येक व्होल्टांच्या तोडीचा असतो. १२एएक्स७ या सुपरिचित व्हॉल्व्हमध्ये हे प्रमाण १ ला १०० आहे. शिवाय जाळी ऋणाग्राहून थोडी ऋण ठेवली की ती इलेक्ट्रॉनांना मागे लोटते, स्वतः मात्र त्यांना जवळजवळ घेत नाही. पाटाचे पाणी आपल्या उताराने वाहते; फळी वरखाली करणाऱ्याला ते वाहून न्यावे लागत नाही, तसेच हे.

आता याच व्हॉल्व्हचे उदाहरण घेऊ. पुरवठा ३०० व्होल्टांचा, आणि धनाग्राच्या वाटेवर १ लक्ष ओहमांचा रोधक. जाळी उणे १.५ व्होल्टांवर ठेवली तर सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. रोधकात १०० व्होल्ट खर्ची पडतात व धनाग्रावर सुमारे २०० उरतात. जाळीवरचा संदेश तिला अर्धा व्होल्ट वर नेतो तेव्हा प्रवाह वाढतो, रोधकात अधिक दाब खर्च होतो आणि धनाग्र तीसेक व्होल्टांनी खाली येते. म्हणजे अर्ध्याचे तीस झाले, तेही उलट्या दिशेने. साठपट विवर्धन ते हेच. वाढलेली शक्ती जाळीने निर्माण केलेली नाही. ती पुरवठ्यातूनच आली.

संदेश लहान असेतो हे प्रमाण टिकते. तो एक-एक व्होल्ट दोन्ही बाजूंस गेला की धनाग्र खाली साधारण ६५ व्होल्ट जाते, पण वर ५५च्या आसपासच चढते. कारण जाळी जसजशी अधिक ऋण होते तसतशी तिच्या प्रत्येक व्होल्टाची पकड कमी होत जाते. प्रवाह एकाएकी तुटत नाही, हळूहळू विरतो. जाळीच्या दोन तारांमधील फटी सर्वत्र सारख्या परिणामाच्या नसतात आणि इलेक्ट्रॉनही एकाच वेगाने निघत नाहीत, हे त्याचे एक कारण. दुसऱ्या टोकाला जाळी शून्याजवळ येते, तेव्हा ती स्वतःच थोडे इलेक्ट्रॉन ओढू लागते. तो भार आधीच्या टप्प्यावर पडतो व लाटेचा माथा दबतो.

लाटेचा एक अर्ध फुगीर व दुसरा बसका झाला, की मूळ सुराच्या दुप्पट कंपनसंख्येचा सूर त्यात प्रामुख्याने मिसळतो. २४० कंपनांच्या षड्जात ४८०चा तार षड्ज आला, तर कानाला तो परका वाटत नाही. याउलट भरपूर प्रतिभरण दिलेला ट्रान्झिस्टर विवर्धक शेवटपर्यंत सरळ चालतो, आणि वाव संपताच लाटेचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो. त्या धारदार कोपऱ्यांतून सातव्या, नवव्या पटीचे सूर उपजतात; सातवा तर कोमल निषादाहूनही उतरलेला, कोणत्याच स्वराच्या घरात न बसणारा. व्हॉल्व्हच्या विवर्धकालाही असे जबर प्रतिभरण दिले, तर तोही असाच कापतो. तेव्हा सौम्यतेचे श्रेय केवळ काचेच्या नळीला देणे मला पटत नाही.

सौम्यतेला आणखी एक मर्यादा आहे. जाळीत प्रवाह फार वाहू लागला, तर तिच्याशी जोडलेला संधारित्र भारित होतो व जाळीला क्षणभर खोल ऋण करून ठेवतो. ठसठशीत थाप पडल्यावर पुढचा आवाज दबून मग सावकाश वर येत असेल, तर हाच दोष समजावा. आणि दोन सूर एकत्र आले की त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे सूरही निपजतात. षड्ज-पंचमाच्या, म्हणजे २४० आणि ३६०च्या जोडीत वजाबाकीचा सूर १२०चा, मंद्र षड्जाचा येतो. तो खपून जातो. पण षड्जाशेजारी २७०चा ऋषभ लागला की ३० कंपनांची घरघर उठते. एकट्या गायकाच्या कंठाला साजणारा तोच व्हॉल्व्ह वाद्यवृंदाला गढूळ करतो, तो यामुळे.