अंगावरची पुरळ आणि तोंडातले फोड

समजा, फिट येतात म्हणून कार्बामाझेपिन सुरू झालं. पंधराव्या दिवशी ताप, घसादुखी, डोळ्यांची आग. घरचे म्हणतात, व्हायरल असेल. दोन दिवसांनी छातीवर लालसर-जांभळे डाग उठतात. ते खाजत नाहीत, दुखतात. ओठ सोलतात, तोंडातल्या फोडांमुळे पाणीही गिळवत नाही. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम असू शकतो. औषध सुरू झाल्यावर साधारण 4 ते 28 दिवसांत तो दिसतो, म्हणून गोळीवर संशयच जात नाही.

नुसती खाजरी पुरळ बहुधा साधी असते. तीही डॉक्टरांना कळवावीच. पण ताप, तोंडात फोड किंवा त्वचेवर पाण्याचे फोड आले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. गोळ्यांची स्ट्रिप सोबत न्या. फिटसाठी दुसरं औषध तिथेच ठरेल.